दोन राऊटर, एकामागे एक

सांगलीतल्या एखाद्या करसल्लागारांचं दोन खोल्यांचं ऑफिस घेऊ. फायबरचं कनेक्शन आलं तेव्हा कंपनीच्या माणसाने भिंतीवर एक पांढरा डबा बसवून दिला. पुढे आतल्या खोलीत वायफाय नीट पोचेना, म्हणून त्यांनी बाजारातून चांगला राऊटर आणला. डब्यातून एक केबल काढून नव्या राऊटरच्या WAN पोर्टात लावली आणि संगणक, फोन, प्रिंटर सगळं नव्या वायफायवर घेतलं. इंटरनेट छान चालू झालं. जीएसटीचं पोर्टल उघडतं, व्हिडिओ कॉल होतात, कुठे काही अडत नाही.

मग जुलैत विवरणपत्रांची गर्दी सुरू झाली. रात्री घरी बसून ऑफिसचा संगणक वापरता यावा म्हणून त्यांनी नव्या राऊटरवर वायरगार्ड हे व्हीपीएन चालू केलं. म्हणजे घरच्या लॅपटॉपपासून ऑफिसच्या राऊटरपर्यंत कुलूपबंद वाट. राऊटरवरची सेटिंग पुन्हा पुन्हा पाहिली, सगळं बरोबर होतं. पण घरून जोडायला गेलं की काहीच घडत नाही, चुकीचा संदेशसुद्धा येत नाही. कंपनीला फोन केला तर उत्तर मिळतं, ‘तुमचं इंटरनेट चालू आहे, स्पीडही पूर्ण येतोय.’ तेही खरंच असतं.

अडचण राऊटरमध्ये नसते आणि फायबरमध्येही नसते. ती दोघांच्या मधल्या केबलपाशी असते. तिच्या दोन्ही टोकांना एकच काम करणारी दोन यंत्रं बसलेली आहेत. याला डबल नॅट म्हणतात.

पत्ते बदलण्याचं काम

भिंतीवरच्या डब्याला आपण मोडेम म्हणतो. कंपनीचे लोक त्याला ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात. काचेच्या तारेतून आलेला प्रकाश विजेच्या संकेतात बदलणं हे त्याचं मूळ काम. पण आजकाल त्याच डब्यात एक पूर्ण राऊटरही असतो. तो वायफाय देतो, घरातल्या उपकरणांना पत्ते वाटतो आणि नॅट करतो.

नॅट म्हणजे काय, हे पत्त्यांच्या टंचाईवरून कळतं. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही४ मध्ये, एकूण पत्ते जेमतेम ४३० कोटी होतात. जगातल्या प्रत्येक फोनला, टीव्हीला, संगणकाला स्वतंत्र पत्ता द्यायला ते पुरणार नाहीत, हे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीलाच दिसू लागलं होतं. १९९४मध्ये नॅटची पद्धत मांडली गेली आणि १९९६मध्ये खासगी वापरासाठी पत्त्यांचे तीन पट्टे कायमचे राखून ठेवण्यात आले. 192.168 ने सुरू होणारे पत्ते त्यांतलेच, 10 ने सुरू होणारेही. 172.16 ते 172.31 हा तिसरा पट्टा. हे पत्ते कोणीही आपल्या चार भिंतींत वापरावेत, बाहेरच्या इंटरनेटवर मात्र त्यांना अर्थ नाही. बाहेर जाताना राऊटर आतला खासगी पत्ता पुसतो, त्या जागी आपला सार्वजनिक पत्ता लिहितो आणि कोणासाठी काय बदललं याची एका तक्त्यात नोंद ठेवतो. उत्तर आलं की तक्ता पाहून ते योग्य यंत्राकडे पोचवतो.

आता सांगलीच्या ऑफिसात प्रत्यक्ष काय होतं ते पाहू. कंपनीच्या डब्याचा आतला पत्ता 192.168.1.1 आहे. त्याने नव्या राऊटरला 192.168.1.5 हा पत्ता दिला. नव्या राऊटरने आपल्या आतल्या बाजूला दुसरं जाळं उभं केलं. तिथे तो स्वतः 192.168.0.1 आहे आणि ऑफिसचा संगणक 192.168.0.20. बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता समजा 203.0.113.25 आहे. (हा आकडा केवळ उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या पट्ट्यातला आहे.)

संगणकाने एखादी वेबसाइट मागितली की नवा राऊटर 192.168.0.20 पुसून 192.168.1.5 लिहितो आणि आपल्या तक्त्यात नोंद करतो. पाकीट कंपनीच्या डब्यापाशी आलं की तो 192.168.1.5 पुसून 203.0.113.25 लिहितो आणि त्याच्या तक्त्यात नोंद करतो. उत्तर येतं तेव्हा आधी डबा आपली नोंद शोधतो, मग राऊटर त्याची. दोन्ही नोंदी जाताना झालेल्या असल्यामुळे उत्तर बिनचूक संगणकापर्यंत येतं. पत्ता दोनदा बदलायला लागणारा वेळ जाणवण्याइतका नसतो. म्हणून डबल नॅटमुळे इंटरनेट मंद होतं ही समजूत बहुतेक वेळा चुकीची ठरते, आणि म्हणूनच ही अडचण वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही.

बाहेरून येणारं पाकीट कुठे हरवतं

गोष्ट बिघडते ती सुरुवात बाहेरून झाली की. घरच्या लॅपटॉपने व्हीपीएनसाठी 203.0.113.25 या पत्त्यावर, 51820 या पोर्टवर पाकीट पाठवलं. वायरगार्डसाठी बहुतेक जण हाच पोर्ट ठेवतात. पाकीट सांगलीत पोचलं आणि पहिल्यांदा कंपनीच्या डब्यासमोर आलं. डब्याने आपला तक्ता पाहिला. आतल्या कोणी हे मागवल्याची नोंद नाही, आणि 51820 वर आलेलं कोणाकडे द्यायचं याचा नियमही कोणी लिहिलेला नाही. डब्याने ते गुपचूप टाकून दिलं. नवा राऊटर त्याच पोर्टवर कान लावून बसला होता, पण त्याच्यापर्यंत काही आलंच नाही. म्हणून त्याच्यावरची सेटिंग शंभर वेळा तपासली तरी तिथे चूक सापडत नाही.

जिथे जिथे बाहेरून कोणी आत यायचं असतं, तिथे हेच घडतं. ऑनलाइन खेळ खेळणाऱ्या मुलांचा एक्सबॉक्स डबल नॅट असल्याचा इशारा देतो, किंवा काही खेळाडूंशी जोडणी होत नाही. असे खेळ यूपीएनपी नावाच्या सोयीने जवळच्या राऊटरला ‘माझ्यासाठी एवढा पोर्ट उघड’ असं सांगतात. जवळचा राऊटर तो उघडतोही. पण त्याला वाटतं की आपला बाहेरचा पत्ता 192.168.1.5 आहे, आणि खरं दार तर त्याच्या पुढे आहे. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरला बाहेरून थेट जोडायचं असेल तर तेही अडतं. डीव्हीआर कंपनीच्या सर्व्हरमार्फत चालणारं अ‍ॅप मात्र चालतं, कारण तिथे डीव्हीआर स्वतः आतून बाहेर जोडलेला असतो.

एक लक्षण घरातल्या घरातही दिसतं. डब्याचं वायफाय चालूच ठेवलं असेल आणि एखाद्याचा फोन चुकून त्यावर गेला, तर त्याला नव्या राऊटरवरचा प्रिंटर दिसत नाही. उलट नव्या राऊटरवरच्या संगणकाला डब्याचं पान मात्र उघडता येतं. आतून बाहेर वाट आहे, बाहेरून आत नाही.

याहून वाईट गुंता होतो तो दोन्ही यंत्रांनी आतल्या बाजूला एकच पट्टा, म्हणजे 192.168.1, वापरला तर. मग राऊटरला 192.168.1.1 हा पत्ता दोन्ही बाजूंना दिसतो आणि पाकीट कुठे पाठवायचं ते ठरवता येत नाही. बरेच नवे राऊटर हे ओळखून आपला पट्टा आपोआप बदलतात. जे बदलत नाहीत त्यांच्यावर नवी केबल जोडल्याक्षणी इंटरनेट बंद पडतं आणि माणसाला वाटतं, राऊटरच खराब निघाला.

आधी खात्री करा

डबल नॅट आहे का, हे ओळखायला एक आज्ञा पुरते. ऑफिसच्या विंडोज संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून हे टाइप करा:

```
tracert -d 8.8.8.8
```

वाटेतले राऊटर क्रमाने दिसू लागतात. सांगलीच्या ऑफिसात पहिल्या दोन ओळी अशा येतील:

```
  1     1 ms     1 ms     1 ms  192.168.0.1
  2     2 ms     2 ms     2 ms  192.168.1.1
```

पहिली ओळ नव्या राऊटरची, दुसरी कंपनीच्या डब्याची. दोन्ही खासगी पत्ते आहेत आणि दोन्ही आपल्याच भिंतींच्या आतले. तिसऱ्या ओळीत 10 ने सुरू होणारा पत्ता दिसला तर घाबरू नका. कंपन्या आपल्या आतल्या यंत्रांना असे पत्ते देतात, तेवढ्यावरून तिथे नॅट आहेच असं ठरत नाही.

दुसरी खूण आणखी पक्की. नव्या राऊटरच्या पानावर `WAN IP` असं लिहिलेला आकडा पहा. तो खासगी पट्ट्यातला असेल तर त्याच्यापुढे आणखी एक नॅट आहे.

आता एक तपासणी अशी, जी बहुतेक जण करत नाहीत आणि नंतर पस्तावतात. कंपनीच्या डब्याच्या पानावर जाऊन त्याचा `WAN IP` पहा. मग ‘माझा आयपी पत्ता’ दाखवणाऱ्या एखाद्या वेबसाइटवरचा आकडा पहा. दोन्ही सारखे असतील तर सार्वजनिक पत्ता तुमच्या डब्यापर्यंत येतो आणि ब्रिज मोडने काम होईल. वेगळे असतील, विशेषतः डब्यावरचा आकडा 100.64 ते 100.127 या पट्ट्यातला असेल, तर कंपनी स्वतःच शेकडो ग्राहकांना एका सार्वजनिक पत्त्यामागे ठेवते आहे. हा पट्टा २०१२मध्ये मुद्दाम त्यासाठीच राखला गेला. अशा नॅटला सीजीनॅट म्हणतात. ब्रिज मोडने तुमच्या भिंतीवरचं नॅट जाईल, कंपनीच्या केंद्रातलं जाणार नाही, आणि बाहेरून येणारं पाकीट तिथेच पडेल. यावरचा सरळ उपाय म्हणजे कंपनीकडून वेगळे पैसे भरून स्थिर सार्वजनिक पत्ता घेणं. दोन्ही टोकांना आयपीव्ही६ मिळत असेल तर तीही वाट आहे. तिथे पत्ते मुबलक असल्याने नॅट लागत नाही, फक्त राऊटरच्या फायरवॉलमध्ये तेवढा पोर्ट उघडावा लागतो.

ब्रिज मोड म्हणजे काय

दोन राऊटरपैकी एकाने पत्ते बदलणं थांबवलं की गुंता सुटतो. कोणी थांबवायचं, हे आपली गरज पाहून ठरवावं. तुम्हाला फक्त आतल्या खोलीत चांगलं वायफाय हवं असेल, तर नव्या राऊटरला `Access Point` मोडमध्ये टाका. मग तो नुसतं वायफाय पसरवेल, पत्त्यांचा हिशोब कंपनीचा डबा पाहील. यासाठी कंपनीला फोनही करावा लागत नाही. पण व्हीपीएन, पोर्ट, फायरवॉल हे सगळं आपल्या राऊटरच्या ताब्यात हवं असेल, तर डब्याला ब्रिज मोडमध्ये टाकणं योग्य.

ब्रिज मोडमध्ये डबा राऊटर राहत नाही. तो पत्ते वाटत नाही, तक्ता ठेवत नाही, लॉगिनही करत नाही. काचेच्या तारेतून जे येईल ते जसंच्या तसं केबलवर ठेवतो, केबलवरून आलेलं काचेच्या तारेत. त्यामुळे कंपनीच्या सर्व्हरला थेट तुमचा राऊटर दिसतो आणि 203.0.113.25 हा पत्ता त्यालाच मिळतो.

आतापर्यंत लॉगिन डबा करत होता, आता ते राऊटरला करावं लागेल. म्हणून पहिली पायरी माहिती गोळा करण्याची. अनेक फायबर कनेक्शनं पीपीपीओई पद्धतीने चालतात, म्हणजे युजरनेम आणि पासवर्ड देऊन लाइन जोडली जाते. डब्याच्या WAN पानावर युजरनेम आणि `VLAN ID` दिसतो, पासवर्ड मात्र ठिपक्यांखाली झाकलेला असतो. तो कंपनीकडून मागून घ्या. त्या पानाचे फोटो काढून ठेवा. काही कंपन्या पीपीपीओई वापरत नाहीत आणि काही ब्रिज मोड देतच नाहीत. हे फोनवर आधीच विचारून घ्यावं.

बदल करण्याचं काम शक्यतो कंपनीकडूनच करून घ्यावं. ग्राहकाच्या लॉगिनमध्ये ती सेटिंग बऱ्याचदा दिसत नाही, आणि कंपनी ती दुरूनही बदलू शकते. फोनवर नेमकं सांगायचं: ‘इंटरनेटचं WAN कनेक्शन `Bridge` करा, `VLAN ID` आहे तोच ठेवा, ते LAN1 पोर्टला जोडा, आणि डब्याचं वायफाय व डीएचसीपी बंद करा.’ डब्याला लँडलाइन फोन जोडलेला असेल तर तेही आवर्जून सांगा. फोनसाठी डब्यात बहुधा `VOICE` नावाचं वेगळं कनेक्शन असतं आणि ते तसंच राहायला हवं. सगळंच ब्रिज केलं तर इंटरनेट येईल, फोन मात्र मुका होईल.

एक चूक अजिबात करू नका. गोंधळ झाला म्हणून डब्यामागचं रिसेटचं छिद्र टाचणीने दाबू नका. कंपनीने भरलेल्या सेटिंग त्याने पुसल्या जाऊ शकतात, आणि मग कंपनीचा माणूस येईपर्यंत काहीच चालत नाही.

डबा ब्रिज झाला की LAN1 मधून केबल राऊटरच्या WAN पोर्टात लावा. राऊटरच्या पानावर कनेक्शनचा प्रकार `PPPoE` निवडा, युजरनेम आणि पासवर्ड भरा. `MTU` विचारलं तर 1492 ठेवा. पीपीपीओईची स्वतःची आठ बाइटची भर असते, ती नेहमीच्या 1500 मधून वजा होते. `VLAN ID` राऊटरमध्ये सहसा रिकामाच ठेवायचा, कारण तो शिक्का डबा स्वतः लावतो. लॉगिन अजिबात पुढे सरकत नसेल तरच तो आकडा राऊटरमध्ये भरून पहावा.

जोडणी होत नसेल तर

बहुतेकांचं अडतं ते इथे. राऊटर जोडायचा प्रयत्न करतो आणि युजरनेम-पासवर्ड नाकारला जातो, माहिती बरोबर असूनसुद्धा. याची दोन कारणं नेहमी आढळतात. एक म्हणजे डब्याने केलेलं जुनं लॉगिन कंपनीच्या सर्व्हरवर अजून जिवंत असतं आणि एका युजरनेमला एकच लॉगिन चालतं. डबा आणि राऊटर दोन्ही बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबलं की ते बहुधा मोकळं होतं. दुसरं म्हणजे कंपनीने तुमचं कनेक्शन डब्याच्या मॅक पत्त्याशी, म्हणजे यंत्राच्या कायमच्या ओळखक्रमांकाशी, बांधलेलं असतं. आता वेगळं यंत्र लॉगिन करू पाहतं म्हणून सर्व्हर नकार देतो. कंपनीला ‘मॅक बाइंडिंग काढा’ एवढं सांगितलं की काम होतं.

दोन्ही प्रकार एकमेकांपासून ओळखणं सोपं आहे. सर्व्हरकडून नकाराचं उत्तर येत असेल, तर वाट बरोबर आहे आणि अडचण लॉगिनची आहे. काहीच उत्तर येत नसेल, तर केबल चुकीच्या पोर्टात आहे, `VLAN ID` चुकला आहे किंवा डबा ब्रिज झालेलाच नाही. राऊटरच्या `System Log` मध्ये हा फरक स्पष्ट दिसतो.

ब्रिज झाल्यावर डब्याचं पान पहायचं असेल तर त्याच्या दुसऱ्या LAN पोर्टाला लॅपटॉप केबलने जोडा आणि लॅपटॉपला हाताने 192.168.1.10 पत्ता द्या. डीएचसीपी बंद असल्यामुळे डबा स्वतःहून पत्ता देणार नाही.

जोडणी झाली की पुन्हा तीच आज्ञा चालवा. पहिली ओळ 192.168.0.1 असेल आणि दुसऱ्या ओळीतून 192.168.1.1 गेलेलं असेल. राऊटरचा `WAN IP` आणि वेबसाइटवरचा आकडा जुळला की समजायचं, पत्त्यांचा हिशोब आता एकाच ठिकाणी आहे. सांगलीच्या राऊटरवर वायरगार्ड आधीच चालू होतं. त्यात काहीही न बदलता घरचा लॅपटॉप या वेळी जोडला जाईल. कंपनी दर जोडणीला नवा पत्ता देत असेल तर राऊटरवर `DDNS` चालू करावं. त्याने एक कायमचं नाव मिळतं आणि ते नाव नेहमी ताज्या पत्त्याकडे नेतं. डबल नॅट असताना हीच सोय काही राऊटरवर 192.168.1.5 हा निरुपयोगी पत्ता नोंदवत बसते.

आता तुमचा राऊटर थेट इंटरनेटसमोर उभा आहे. आधी पुढ्यात डब्याचं नॅट होतं आणि ते नको असलेली पाकिटंही अडवत होतं. म्हणून राऊटरचं फर्मवेअर अद्ययावत करा, पानाचा मूळ पासवर्ड बदला, बाहेरून राऊटरचं पान उघडू देणारी `Remote Management` ही सोय बंद ठेवा आणि 51820 सोडून दुसरा पोर्ट उघडू नका. डीव्हीआर किंवा ऑफिसचा संगणक स्वतंत्र पोर्ट देऊन बाहेर आणायची गरज नाही, व्हीपीएन जोडलं की दोन्ही आतूनच दिसतात.

आणि युजरनेम, `VLAN ID`, कोणता पोर्ट ब्रिज आहे, हे सगळं एका कागदावर लिहून डब्यापाशी ठेवा. तार तुटली की कंपनीचा माणूस येतो, कधी डबाही बदलून देतो, आणि नवा डबा राऊटर मोडमध्येच येतो. इंटरनेट चालू झाल्याचं पाहून तो निघून जाईल. डबल नॅट परत आल्याचं मात्र पुढच्या वेळी घरून व्हीपीएन जोडतानाच कळेल. तो निघायच्या आत राऊटरचा `WAN IP` एकदा पहा.